पंप व स्पेसरचे पालकांसाठीचे पत्रक : मसुदा वाचून चुका सांगाव्यात

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातील समुद्राकाठच्या एका लहान रुग्णालयात परिचारिका आहे. दमा असलेल्या मुलांच्या पालकांना पंप आणि स्पेसर कसा वापरावा हे सांगणारे एक पानी पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजवर वाटले जाणारे पत्रक इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेले होते. त्यातील "उपकरण हलवून कार्यान्वित करावे" हे वाक्य वाचून एका आजोबांनी मला "बाय, हेका सेल खंय घालूचे?" असे विचारले, तेव्हा नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही हे कळले.

माझा मसुदा असा आहे : "पंपाचे टोपण काढावे. पंप चार-पाच वेळा चांगला हलवावा आणि स्पेसरच्या मागील भोकात बसवावा. मास्क मुलाच्या नाकातोंडावर लावावा. पंप एकदा दाबावा. मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत. दुसरा फवारा द्यायचा असल्यास अर्धा मिनिट थांबून पंप पुन्हा हलवावा. स्पेसर अधूनमधून साबणाच्या पाण्यात धुवावा, पुसू नये, वाळू द्यावा."

वाचताना यात काही खटकत नाही, आणि माझी अडचण नेमकी हीच आहे. जुलैमध्ये आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली. रोजचा प्रतिबंधक पंप सकाळी दोन व संध्याकाळी दोन फवारे असा चालू होता आणि तरीही रात्रीचा खोकला थांबत नव्हता. औषधाची मात्रा वाढवण्याचा विचार चालला होता. मी आईला म्हटले, "घरी जसे देता तसेच इथे देऊन दाखवा, मी मध्ये बोलणार नाही." त्यांनी पंप एकदा हलवला, स्पेसरला लावला, लागोपाठ दोनदा दाबला, मग मुलीला मांडीवर ओढून घेतले आणि त्यानंतर मास्क लावला. दाबणे आणि मास्क लागणे यांत मी मनातल्या मनात आठ आकडे मोजले. मुलगी मान फिरवत होती, त्यामुळे मास्कची हनुवटीकडील कड उचललेली राहिली. स्पेसरमधली झडप एकदाही हलली नाही. स्पेसर कसा धुता असे विचारल्यावर त्या अभिमानाने म्हणाल्या की, रोज नळाखाली धुऊन मऊ सुती फडक्याने आतून कोरडा करते, पावसात ओला ठेवला तर बुरशी येईल ना.

या बाईंनी जुने पत्रक वाचलेले होते, आणि त्यात "पुसू नये" असे लिहिलेलेही होते. तेव्हा माझ्या मसुद्यातील कोणते वाक्य पालकांना कळणार नाही किंवा कळूनही पाळले जाणार नाही, ते कृपया सांगावे.

जांभा

मी रत्नागिरीत गेली बरीच वर्षे मुलांचा डॉक्टर म्हणून काम करतो. सुरंगीताई, तुमच्या मसुद्यातील प्रत्येक वाक्य बरोबर आहे, परंतु क्रमाचे महत्त्व दिसत नाही आणि कारणे गाळलेली आहेत. त्या आईने केलेली प्रत्येक गोष्ट तिच्या दृष्टीने सयुक्तिक होती, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

फवारा स्पेसरमध्ये सुटल्याबरोबर औषधाचे बारीक कण हवेत तरंगू लागतात आणि त्याच क्षणापासून ते खाली बसू लागतात व भिंतीला चिकटू लागतात. स्पेसर ही औषध साठवण्याची बरणी आहे अशी बहुतेक पालकांची समजूत असते. तो औषध साठवून ठेवत नाही, काही क्षण फक्त धरून ठेवतो. म्हणून मास्क आधी लागला पाहिजे, तो चोहोबाजूंनी टेकलेला आहे याची खात्री झाली पाहिजे, मुलाचा एखादा श्वास त्यातून होऊन गेलेला दिसला पाहिजे आणि मगच पंप दाबला पाहिजे. तुमच्या मसुद्यात हाच क्रम आहे, परंतु "लावावा" आणि "दाबावा" ही दोन सारख्याच वजनाची वाक्ये एकामागे एक आल्यामुळे त्यांचा क्रम मोडला तर काय बिघडते हे वाचणाऱ्याला समजत नाही.

दोन फवारे एकदम दिल्याने दुप्पट औषध मिळत नाही. दोन्ही ढग एकमेकांत मिसळतात, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि भिंतीवर बसतात, शिवाय दुसऱ्या फवाऱ्याच्या आधी पंप हललेला नसतो. पंपातील बरीचशी औषधे द्रवात विरघळलेली नसून तरंगती असतात. ताकात जसा चोथा खाली बसतो तशी ती बसतात, आणि न हलवता दाबले तर कधी कमी तर कधी जास्त औषध बाहेर पडते.

आता मास्कविषयी. माझ्या मते संपूर्ण पत्रकातील सर्वांत महत्त्वाची ओळ ही असावी : "झडप हलताना दिसली नाही तर औषध मुलापर्यंत पोहोचलेले नाही." पालकाला फुप्फुस दिसत नाही, औषध दिसत नाही, पण झडप दिसते. मास्कची कड बोटभर उचललेली असली तरी मूल बाहेरचीच हवा घेते, कारण तो मार्ग सोपा असतो, आणि मग झडप स्तब्ध राहते. म्हणून "पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत" याऐवजी "झडप सहा वेळा हलेपर्यंत मास्क धरून ठेवावा" असे लिहावे. लहान बाळाचे श्वास उथळ असतात, त्याला दहापर्यंत मोजावे.

निवृत्त_मास्तर

मी गुहागरचा. मला स्वतःला चाळीस वर्षे दमा आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो. मसुद्यात दोन उणिवा आहेत. एक, फवारा घेतल्यावर दहा सेकंद श्वास रोखून धरलाच पाहिजे, त्याशिवाय औषध आत मुरत नाही, आणि याचा उल्लेखच नाही. दुसरे, पंप संपला हे कसे ओळखावे तेही दिलेले नाही. आतील धातूची नळी काढून पाण्याच्या भांड्यात टाकावी. बुडाली तर भरलेली, आडवी तरंगली तर रिकामी. हे मला पूर्वीच्या एका डॉक्टरांनीच शिकवले होते.

आंबोळी

मी वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. माझ्या मुलालाही दमा आहे आणि तो सात वर्षांचा आहे. या पत्रकात सर्वांत मोठी गोष्ट राहिली आहे असे मला वाटते. यंत्रात श्वास सोडायचा नाही, हे त्यात कुठेच नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते की, तोंड बाजूला नेऊन श्वास पूर्ण सोडायचा, मग यंत्र तोंडात धरून जोरात, एका झटक्यात आत ओढायचा, नाहीतर औषध ओले होऊन चिकटते. डॉक्टर मात्र मास्क लावून सहा वेळा श्वास घेऊ द्या असे म्हणतात, म्हणजे मूल पाच वेळा त्यातच श्वास सोडणार. मग औषध ओले नाही का होणार? शिवाय आतली गोळी फुटल्याचा आवाज आला पाहिजे, तेही लिहावे.

जांभा

आंबोळीताई, तुम्ही सांगता ते सर्व अगदी बरोबर आहे, परंतु ते दुसऱ्या उपकरणाविषयी आहे. तुमच्या मुलाकडे कॅप्सूल फोडून कोरडी पूड ओढण्याचे यंत्र आहे. तिथे पुडीला फुप्फुसापर्यंत नेण्याचे काम मुलाच्या श्वासाच्या जोरालाच करावे लागते, म्हणून जोरात ओढायचे, आणि पूड कोरडी राहावी म्हणून त्यात फुंकायचे नाही. पंपात ढकलण्याचे काम आतील दाबाखालचा वायू करतो. तिथे जोरात ओढल्यास कण घशाच्या मागील भिंतीवर आपटून तिथेच राहतात, म्हणून श्वास सावकाश हवा. स्पेसरमधील झडप श्वास घेताना उघडते, सोडताना मिटते आणि सोडलेली हवा बाजूने बाहेर जाते, त्यामुळे मुलाने त्यात श्वास सोडला तरी चालते. चार वर्षांच्या मुलाला "आता सोड, आता घे" हे सांगण्याची गरजच पडू नये, यासाठीच तर हे साधन आहे.

सुरंगीताई, तरीही आंबोळीताईंचा गैरसमज पत्रकासाठी मोलाचा आहे. एकाच घरात मोठ्या भावाला कॅप्सूलचे यंत्र आणि धाकट्या बहिणीला पंप अशी उदाहरणे माझ्याकडे आहेत, आणि आई दोघांनाही एकच पद्धत शिकवते. पत्रकाच्या माथ्यावर "हे पत्रक फक्त पंप व स्पेसरसाठी आहे" असे ठळक छापावे.

मास्तर, श्वास रोखण्याची गोष्ट तुमच्यासाठी आणि समज आलेल्या मुलांसाठी योग्य आहे. सहा-सात वर्षांचे मूल तोंडाने नळी धरून एक संथ, खोल श्वास घेऊन पाच ते दहा सेकंद थांबू शकत असेल तर उत्तमच. चार वर्षांच्या मुलाला ते सांगितले की ते गाल फुगवून बसते, आणि झडप बंदच राहते. त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. पाण्यात तरंगवण्याची युक्ती मात्र आता कोणीही वापरू नये. त्याविषयी औषधविक्रेत्यांपैकी कोणी सविस्तर लिहावे.

औषधवाला_चिपळूण

मी लिहितो. औषध संपल्यावरही नळीत वायू शिल्लक असतो, त्यामुळे पंप "फुस्स" करत राहतो आणि पालकांना वाटते की औषध येत आहे. पाण्यात नळी कशी तरंगेल हे तिच्या घडणीवरही अवलंबून असते, आणि तोंडाशी पाणी शिरले तर पंपच निकामी होतो. हल्ली बऱ्याच पंपांवर मागील बाजूस आकडा दिसतो, तो पाहावा. आकडा नसेल तर हिशोब करावा. सुरंगीताईंच्या त्या मुलीचे उदाहरण घेऊ. दिवसाला चार फवारे आणि नळी 200 फवाऱ्यांची असेल तर ती 50 दिवस पुरते. 1 जुलैला सुरू केलेली नळी 19 ऑगस्टच्या रात्री संपली, मग ती कितीही फुसफुसत असो. मी विकतानाच खोक्यावर पेनाने शेवटची तारीख लिहून देतो. सगळ्या नळ्या 200 च्या नसतात, 120 च्याही येतात, तेव्हा आधी खोके वाचावे. धाप लागल्यावर द्यायचा पंप रोजचा नसल्याने त्याचा असा हिशोब बसत नाही. त्यासाठी खोक्यावर प्रत्येक फवाऱ्याला एक रेघ मारण्याची सवय लावावी.

पुसण्याविषयी मात्र मला शंका आहे. प्लास्टिकला कापड घासले की त्यावर स्थिर वीज जमते आणि ती औषधाचे कण ओढून घेते, म्हणून पुसू नये असे सांगतात. परंतु ही वीज कोरड्या हवेत जमते. कोकणात जुलै महिन्यात हवेत इतका ओलावा असतो की पापड मऊ पडतात, तिथे कसली वीज साठणार? मला वाटते हा नियम कोरड्या देशांसाठी आहे, आणि आपण उगीच आयांना घाबरवतो आहोत.

जांभा

तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. दमट हवेत पृष्ठभागावरील वीज लवकर निघून जाते, आणि त्यामुळे पावसाळ्यात आपल्याकडे नुकसान कमी होत असणे शक्य आहे. किती कमी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु हाच स्पेसर जानेवारीतही वापरला जातो. सकाळी लोकरीचा स्वेटर काढताना जेव्हा चटचट आवाज येतो, त्याच दिवसांत मुलांचा खोकलाही वाढलेला असतो. पावसाळ्यात पुसा आणि हिवाळ्यात पुसू नका असे दोन नियम कोणीही पाळणार नाही. शिवाय नवा स्पेसर खोक्यातून निघतो तेव्हाच त्यावर वीज असते, म्हणून पहिल्या वापराच्या आधीही तो साबणाच्या पाण्यातून काढावा लागतो. काही स्पेसर वीज न साठवणाऱ्या प्लास्टिकचे किंवा धातूचे असतात, त्यांना याची गरज नसते, परंतु त्यांच्या खोक्यावर तसे लिहिलेले असते.

सुरंगी

सर्वांचे आभार. झडपेची ओळ मी सर्वांत वर घेतली आहे. आता मला खरी अडचण सांगायची आहे, कारण पुढच्याच आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले.

मी आईला सांगितले होते की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून स्पेसरचे भाग सुटे करून त्यात पंधरा मिनिटे ठेवावेत, बाहेर काढून पाणी निथळू द्यावे, साध्या पाण्याने खळखळू नये आणि पुसू नये. त्यांनी "पुसू नये" मान्य केले. "खळखळू नये" हे मात्र त्यांना काही केल्या पटेना. त्यांचे म्हणणे असे की, लेकराच्या दुधाच्या वाटीला साबण राहिला तर सासूबाई घर डोक्यावर घेतात, आणि तुम्ही छातीत जायच्या नळीला साबण ठेवायला सांगता. यावर मी "तसेच असते" इतकेच म्हणू शकले, आणि ते उत्तर नव्हे हे मलाही जाणवले.

दुसरी अडचण वाळण्याची. पडवीतल्या दोरीवर चार दिवसांचे कपडे तसेच दमट लटकत होते. स्पेसर आदल्या रात्री धुतलेला होता आणि सकाळी त्याच्या आत पाण्याचे थेंब होते. सकाळच्या फवाऱ्याची वेळ झाल्यावर त्यांनी काय करायला हवे होते? त्यांनी तो चुलीच्या वैलावर धरला. मास्कची कड आता थोडी वाकडी झाली आहे.

जांभा

साबणाचे उत्तर असे द्यावे. निथळून वाळल्यावर आतील भिंतीवर साबणाचा अतिशय पातळ थर उरतो आणि तो थरच वीज साठू देत नाही. खळखळून धुतला की तो थर जातो आणि धुण्याचा निम्मा उपयोग संपतो. परंतु मुलाच्या त्वचेला किंवा ओठांना जे भाग लागतात, म्हणजे मास्क किंवा तोंडात धरायची नळी, ते साध्या पाण्याने धुतले तरी काहीही बिघडत नाही, उलट ते धुवावेतच. आईला "मोठ्या डबीचे पोट सोडून बाकी सर्व धुवा" असे सांगितल्यास ती ऐकते, हा माझा अनुभव आहे. सगळेच निषिद्ध सांगितले की सगळेच मोडले जाते.

वाळण्यासाठी धुण्याची वेळ बदलावी. रात्री न धुता सकाळचे फवारे झाल्याबरोबर धुवावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत दहा-बारा तास मिळतात. मोठा भाग उभा करून स्टीलच्या जाळीवर किंवा ताटाळ्यात ठेवावा, तोंडे मोकळी असावीत आणि त्यावर पंखा लावावा. झडप सर्वांत शेवटी वाळते, आणि ओली झडप कडेला चिकटून बसते. म्हणून वापरण्यापूर्वी मोठ्या माणसाने स्वतः त्यातून एक श्वास घेऊन ती हलते का ते पाहावे. चूल, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र यांपैकी काहीही नको. मास्क वाकडा झाला असेल तर तो बदलावाच लागेल, कारण आता तो कधीही नीट टेकणार नाही.

एक अपवाद पत्रकात चौकटीत छापावा : मुलाला धाप लागलेली असताना स्पेसर ओला आहे, पुसलेला आहे, धुतलेला नाही, यांपैकी कशाचाही विचार न करता लगेच फवारा द्यावा. नियमांच्या धाकाने आई स्पेसर वाळण्याची वाट पाहत बसली तर ते पुसण्यापेक्षा कितीतरी वाईट.

औषधवाला_चिपळूण

किती दिवसांनी धुवावा यावर एकमत करून द्या. माझ्या दुकानातील एका स्पेसरच्या पत्रकात आठवड्यातून एकदा असे आहे आणि दुसऱ्याच्या पत्रकात महिन्यातून एकदा.

जांभा

दोन्ही सल्ले दिले जातात. मी महिन्यातून एकदा सांगतो, कारण आठवड्याला सांगितले की लोक रोज धुतात आणि घासतात. आतील पांढरट थर पाहून घाबरू नये. तो थोडाफार दिसतोच, आणि तो काढण्यासाठी काथ्या लावणे हे त्या थरापेक्षा अधिक घातक आहे.

सुरंगी

डॉक्टर, इथे मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आमच्याकडे पावसात महिनाभरात झडपेच्या कडेला काळे ठिपके आलेले मी पाहिले आहेत. मी जून ते सप्टेंबर आठवड्याने आणि एरवी महिन्याने असे लिहिणार आहे. दोन ऋतूंचे दोन नियम कोणी पाळत नाही हे आपण वर म्हणालात, ते मला आठवते. तरीही इथले लोक लोणच्याची बरणीसुद्धा ऋतू पाहून उघडतात.

खलाशी_हर्णै

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. स्पेसर घरी असतो आणि मुलगा कधी आजोळी, कधी बंदरावर माझ्याबरोबर असतो. मागच्या मे महिन्यात रात्री त्याला धाप लागली तेव्हा पंप खिशात होता आणि स्पेसर दोन तासांच्या वाटेवर. मी पंप सरळ त्याच्या तोंडात दाबला, त्याने तो चवीला कडू लागतो म्हणून थुंकला. कोणीतरी पाण्याची बाटली कापून स्पेसर करता येतो असे सांगितले होते. ते खरे आहे की नुसतीच सांगोवांगी? आणि खरे असेल तर पत्रकात घालावे, कारण प्रत्येक ठिकाणी नवा स्पेसर घेणे परवडत नाही.

जांभा

खरे आहे, आणि त्याला चांगला आधार आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे तीव्र दम्याच्या मुलांवर याची चाचणी झाली आणि ती 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 500 मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली, जिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडून फट बुजवलेली होती, ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. फट न बुजवलेली बाटली त्याहून कमी उपयोगी पडली, आणि फोमचा पेला सर्वांत कमी. म्हणजे जे मास्कच्या कडेला लागू आहे तेच इथेही लागू आहे.

बाटली स्वच्छ धुऊन वाळवलेली असावी. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवून, तापवून तिने बुडाला भोक पाडावे. कात्रीने कापल्यास भोक मोठे होते आणि कडा धारदार राहतात. पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिल्यास बाहेरून चिकटपट्टी लावावी, आणि आत प्लास्टिकचे तुकडे उरलेले नाहीत हे उजेडात धरून पाहावे. मूल बाटलीचे तोंड ओठांत धरते. हिला झडप नसते, त्यामुळे झडप मोजण्याची सोय नाही, छाती वर-खाली होताना पाहावी लागते. तोंडाने श्वास घेऊ न शकणाऱ्या बाळाला ती चालणार नाही. आपल्या पाच वर्षांच्या मुलाला चालेल, परंतु त्याला बरे असताना एकदा करून दाखवावी, धाप लागलेल्या रात्री पहिल्यांदाच नव्हे.

पंप सरळ तोंडात दाबल्याने आपल्या मुलाला जवळजवळ काहीच मिळाले नाही, कारण इतक्या वेगाने आलेला फवारा घशावरच थांबतो. तो कडू लागला, तो जिभेवर पडला म्हणूनच.

सुरंगी

बाटलीचा मजकूर पत्रकात घ्यावा की नाही यावर आमच्याकडेच दोन मते आहेत. वरिष्ठांचे म्हणणे असे की, ते वाचून लोक स्पेसर घेणारच नाहीत.

निवृत्त_मास्तर

तरंगवण्याची पद्धत मी आजपासून सोडली, खोक्यावर तारीख लिहून ठेवली आहे. एक भर घालतो. आमच्याकडे फडताळात ठेवलेल्या स्पेसरमध्ये एकदा कोळ्याने जाळे केले होते, आणि कोळीही आतच होता. टोपण लावून ठेवावे आणि देण्यापूर्वी आत डोकावून पाहावे, हे एक वाक्य कृपया घ्यावे.

आंबोळी

मला आता भीती वाटू लागली आहे की धाकटीला पंप मिळाला तर मी तिलाही जोरात ओढायला लावीन. एक विचारते. मूल रडत असेल तर खोल श्वास घेते, म्हणून रडतानाच मास्क लावलेला बरा, असे मला शेजारणीने सांगितले होते. आणि झोपेत देता येतो का?

जांभा

रडणारे मूल श्वास घेते तो तोकडा आणि झटक्याचा, आणि सोडते तो लांबलचक. त्यामुळे औषध तोंडात आणि घशातच बसते व नंतर गिळले जाते. मास्क हलतो तो निराळाच. झोपेत देण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु मास्क गालाला लागताच बरीच मुले जागी होऊन झटापट करतात, आणि मग दिवसाही त्यांना मास्क नकोसा होतो. दिवसा पंप न लावता नुसता स्पेसर खेळायला द्यावा, बाहुलीला लावू द्यावा, आईने स्वतःला लावून दाखवावा. तुमच्या त्या मुलीचे काय झाले, सुरंगीताई? ती चार वर्षांची आहे, तेव्हा मी तिला मास्क काढून तोंडाच्या नळीवर आणण्याचा प्रयत्न करीन. नाकातून घेतलेले औषध नाकातच बरेचसे गाळले जाते.

सुरंगी

प्रयत्न केला. ती नळी चावते आणि नाकानेच श्वास घेते, झडप हलत नाही. म्हणून तूर्त नवा मास्क घेतला आहे. आई तिला मांडीवर पाठमोरी बसवते, तिचे डोके स्वतःच्या छातीला टेकवते, एका हाताने मास्क धरते आणि दोघी मिळून आरशात पाहून झडप मोजतात. आरशाची कल्पना आईची आहे, माझी नाही. प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरणे आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसणे हे त्या आधीपासून करत होत्या. "पुसावे" आणि "पुसू नये" यांची गल्लत बहुधा तिथूनच झाली असावी, म्हणून पत्रकात आता "चेहरा पुसावा, स्पेसर पुसू नये" असे एकाच ओळीत लिहिते आहे.

मात्रा वाढवली नाही. पाच आठवड्यांनी रात्रीचा खोकला आठवड्यातून एखाद्या दिवसावर आला आहे. तोवर गणपती होऊन पाऊसही ओसरला, त्यामुळे हे श्रेय कशाचे, ते मी ठामपणे सांगू शकत नाही.

शेवटची चौकट राहिली. धाप लागल्यावर किती फवारे, ते छापावे की कोरी जागा सोडावी?

जांभा

कोरी जागा सोडावी आणि प्रत्येक मुलाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने औषधाचे नाव व आकडा लिहावा, कारण पंपांचे रंग सगळीकडे सारखे नसतात आणि "निळा" म्हणून भलताच दिला जातो. पाच वर्षांखालील मुलांसाठी साल्ब्युटामॉलच्या 100 मायक्रोग्रॅमच्या पंपाचे दोन फवारे, एकेक करून, आणि गरज पडल्यास वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा, अशी पद्धत सर्वसाधारणपणे वापरली जाते. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा अधिक फवाऱ्यांची गरज पडली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. मूल बोलू किंवा पिऊ शकत नसेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्तावत असेल तर मोजत बसू नये, वाटेतही फवारे देत निघावे. ही शेवटची ओळ मात्र छापील असावी.

खलाशी_हर्णै

बाटली तयार केली. पहिल्या खेपेस भोक मोठे झाले, दुसरी बाटली घेतली. मुलाने "पप्पा, ह्यात पाणी कुठे आहे?" असे विचारले. एक शंका उरली आहे : ही बाटलीसुद्धा साबणाच्या पाण्यातून काढून न खळखळता वाळवायची का? ती तर मी नळाखाली धुतली.

जांभा

होय, तीही प्लास्टिकच आहे. फक्त तोंडाकडची कड साध्या पाण्याने धुवावी, आणि फट बुजवलेली चिकटपट्टी सुटली नाही ना, ते प्रत्येक वेळी पाहावे.